स्कोअर पाऊणपट वाढला, गेम जागचा हलला नाही

माझ्या पीसीत रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड होतं. पीसीची ताकद मोजणाऱ्या थ्रीडीमार्कच्या टाइम स्पाय टेस्टमध्ये स्कोअर साधारण ६१०० यायचा. सेकंडहँड आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड मिळालं, ते बसवलं आणि स्कोअर थेट १०,६०० वर गेला. पाऊणपटीच्या आसपास वाढ! सायबरपंक २०७७ मध्ये १४४०पीवर फ्रेम्सही जवळपास त्याच प्रमाणात वाढल्या. मग शहर उभारायच्या सिटीज: स्कायलाइन्स गेममधलं माझं लाखभर वस्तीचं शहर उघडलं. आधी २७ एफपीएस, म्हणजे सेकंदाला २७ फ्रेम्स मिळायचे, आता २८.

कार्ड नकली असेल, ड्रायव्हर बिघडला असेल, असे सगळे सल्ले मिळाले. पण ड्रायव्हर बिघडला असता तर सायबरपंक तरी कसा सुधारला असता? म्हणून मी शहरातला एकच चौक धरला, गेम पॉज न करता कॅमेरा तिथेच ठेवला आणि कार्ड-प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या आफ्टरबर्नरचे आकडे स्क्रीनवर लावले. जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा वापर ४० टक्क्यांच्या खाली होता. रेझोल्यूशन १४४०पीवरून ७२०पीवर आणलं. पिक्सेल चौथाईवर आले तरी एफपीएस तेवढेच! म्हणजे कार्ड रिकामं बसलं होतं आणि अडलं होतं प्रोसेसरपाशी.

गंमत म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापरही निम्म्याच्या आत दिसत होता. इथे बरेच जण फसतात. ३६०० मध्ये ६ कोर आणि १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या १२ रांगा चालतात. एकच थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी एकूण वापरात तो ८ टक्क्यांच्या आसपासच भरतो. या गेमचा मुख्य थ्रेड दर फ्रेमला शहराची बरीच जुळवाजुळव करून काय काय काढायचं ते कार्डाला सांगतो. त्याचं काम उरकल्याशिवाय पुढची फ्रेम नाही, मग बाकीचे थ्रेड मोकळे असोत की नसोत.

मग टाइम स्पायला हे का दिसलं नाही? त्याच्या ग्राफिक्स टेस्टमध्ये आधीच ठरलेलं दृश्य १४४०पीवर चालतं. ना खेळणारा, ना वाहतूक, ना शहराचा हिशेब. कार्डावर पूर्ण भार पडावा अशीच तिची रचना आहे. सीपीयू टेस्ट वेगळी असते आणि ती काम सगळ्या थ्रेडवर पसरवते, म्हणजे माझ्या गेमच्या नेमकं उलट. वर एकूण स्कोअर म्हणजे या दोन्हींची भारित हरात्मक सरासरी, ग्राफिक्सला ०.८५ आणि सीपीयूला ०.१५ वजन देऊन काढलेली. माझा ग्राफिक्स स्कोअर ६००० वरून ११,७०० झाला, सीपीयूचा होता तिथेच, सुमारे ७०००. हिशेब मांडला तर १०,६०० च येतो. टाइम स्पाय खोटं बोलत नव्हता, त्याला माझ्या शहराबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

प्रोसेसर बदलायचं ठरलं तेव्हा पुन्हा स्कोअरच आडवा आला. मित्राचं म्हणणं, "५८००एक्स घे, सिनेबेंच या प्रोसेसर टेस्टमध्ये ५८००एक्स३डीपेक्षा पुढे आहे, वर स्वस्तही." सिनेबेंचचं त्याने बरोबरच सांगितलं. ५८००एक्सचा बूस्ट ४.७ गिगाहर्ट्झ, एक्स३डीचा ४.५. सिनेबेंच चित्राचे तुकडे करून कोरांना वाटून देतो, तिथे घड्याळाचा वेग आणि कोरांची संख्या चालते. शहराच्या सिम्युलेशनमध्ये मात्र हजारो गाड्या, माणसं, इमारती यांचा डेटा मेमरीत विखुरलेला असतो. तो प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीत, एल३ कॅशमध्ये सापडला नाही की कोर रॅमची वाट बघत थांबतो. ५८००एक्सकडे एल३ आहे ३२ एमबी, एक्स३डीकडे ९६. माझ्या ३६०० मध्येही ३२ होती, पण १६-१६ च्या दोन वाटण्यांत, आणि कोणताही कोर आपल्याच वाटणीवर अवलंबून.

मी एक्स३डी घेतला. बी४५० बोर्डवर आधी बायोस अपडेट करावा लागला. तो जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करून घ्यावा, नाहीतर पीसी डिस्प्लेच देत नाही. त्याच सेव्हवर, त्याच चौकात आता ४१ एफपीएस मिळाले. टाइम स्पायचा एकूण स्कोअर? १०,६०० वरून ११,५०० च्या आसपास, जेमतेम ९ टक्के. कार्डाने स्कोअर उडवला तेव्हा शहराला एक फ्रेम मिळाली. स्कोअर जरासा सरकला तेव्हा दीडपट.

खरेदीआधी मी आता एवढंच बघतो: आपला गेम, आपलं सेव्ह, आपल्या सेटिंग्ज, आणि रेझोल्यूशन उतरवल्यावर एफपीएस वाढतात का. वाढले तर कार्डाचा विचार करायचा, नाही वाढले तर प्रोसेसरचा. फक्त फ्रेम लिमिट आणि व्हीसिंक आधी बंद करायचं, नाहीतर ६० वर अडकलेला आकडा बघून भलताच निष्कर्ष निघतो. सायबरपंकला नव्या प्रोसेसरने काहीच दिलं नाही. १४४०पीवर तिथे जीपीयू आधीपासूनच ९८ टक्क्यांवर होता.