‘टक्’ आणि ‘थप्’मधलं अंतर

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. रत्नागिरीतलं आमचं सिमेंटचं टेनिस कोर्ट, आणि नेटजवळ पंधरा वर्षांची एक मुलगी उभी. डबल्स खेळते. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, उत्तम खेळते, पण नेटला आली की तिची व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका, एक तर जाळीत जाते, नाहीतर उंच तरंगत समोरच्याच्या पुढ्यात पडते. कुंपणापलीकडून तिचे बाबा दर दुसऱ्या चेंडूला ओरडत होते, "मनगट घट्ट धर गो!" आधीच्या एका शिबिरातही तिला हेच सांगितलेलं. खरं सांगायचं तर दोन महिने मीही तेच सांगत होतो.

तिने मनगट घट्ट धरलं होतंच. इतकं घट्ट की अर्ध्या तासात कोपराखालचा हात दगडासारखा व्हायचा. ती हात झटकत मागे यायची आणि म्हणायची, "सर, आणखी किती घट्ट धरू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी मोबाइल नेटच्या खांबाला बांधला आणि सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो-मोशनवर तिच्या व्हॉल्या टिपल्या. समोरचा मुलगा बेसलाइनवरून मारत होता, ही नेटपासून साधारण अडीच मीटरवर उभी होती. नेट ते बेसलाइन 11.88 मीटर, म्हणजे चेंडूला जवळजवळ साडेचौदा मीटर यायचं होतं.

घरी येऊन फ्रेम मोजत बसलो. समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागला ती फ्रेम शून्य धरली. चेंडू तिच्यापर्यंत पोचला तेव्हा 180वी फ्रेम होती, म्हणजे पाऊण सेकंद. आमच्या वयोगटात हा वेळ पुरेसा आहे. पण तिच्या पायांकडे पाहिलं आणि मनगटाचा विषयच मागे पडला. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले 14व्या फ्रेमला आणि टेकले 76व्या फ्रेमला. चेंडू निघाल्यानंतर पाव सेकंदाहून जास्त वेळ तिच्या पायाखाली जोर लावायला जमीनच नव्हती.

तिची ही उडी म्हणजे स्प्लिट स्टेप, दोन्ही पायांवरची छोटी उडी. ती घेतली की पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, अशा स्थितीत आपण जमिनीवर येतो आणि तिथूनच डावीकडे किंवा उजवीकडे रेटा देतो. चेंडू कुठे चाललाय हे डोळ्यांना कळून शरीराने हलायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे आमच्या मोजणीत 48 फ्रेम. तेवढ्या वेळात पाय जमिनीवर येऊन, गुडघे दबून, तयार असायला हवेत. हिला 48व्या फ्रेमला कळत होतं की चेंडू बॅकहँडला येतोय. व्हिडिओत तिची मान तिकडे वळलेली स्पष्ट दिसते. पण पाय आणखी 28 फ्रेम हवेतच. तिला कळत होतं, आणि करता काही येत नव्हतं.

हे असं का होत होतं, त्याचं मूळ एका वाक्यात आहे. शिबिरात सांगतात, "समोरच्याने मारलं की उडी मार." मुलं प्रामाणिक असतात, सांगितलं तसंच करतात. मारल्याचं पाहून उडी मारली की खाली यायला उशीर होणारच. शिवाय हिला ‘जोरदार’ उडी शिकवलेली. 62 फ्रेम हवेत राहायचं तर पाय सुमारे 8 सेंटिमीटर वर जावे लागतात. व्यायाम म्हणून ते ठीक आहे, नेटजवळ मात्र ती निव्वळ वाया घालवलेली वेळ. कितीतरी प्रशिक्षक हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच पुढे देत आलेत, आणि त्याचा मला खरोखर राग येतो. मारल्यावर व्हायला हवं ते टेकणं. उडी त्याच्या आधी, समोरच्याची रॅकेट मागून पुढे यायला लागते तेव्हा.

आता मनगटाकडे. पाय 76व्या फ्रेमला, एवढ्या उशिरा टेकले की खांदा वळायला उशीर, पाऊल टाकायला उशीर, आणि चेंडू रॅकेटला लागतो तो शरीराच्या बाजूला, शर्टाच्या शिवणीच्या रेषेत. व्हॉलीचा चेंडू लागायला हवा पुढच्या खांद्याच्याही हातभर पुढे. तिथे रॅकेटचा चेहरा आपोआप समोर बघतो, मनगटाला काही करावंच लागत नाही. बाजूला लागला की चेहरा बाहेर आणि वर बघतो, आणि चेंडू कोर्टात आणायला मनगट फिरवण्यावाचून इलाज उरत नाही. ती मनगट ढिलं सोडत नव्हती, बचाव म्हणून ते वापरत होती. लवकर फिरलं तर चेंडू जाळीत, उशिरा फिरलं तर तरंगत वर. तिच्या दोन्ही चुका एकाच मुळातून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिला रॅकेट खाली ठेवायला सांगितली. बाबांना वाटलं आज सरावच नाही. नेटजवळ उभी राहा, समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की तोंडाने ‘हप्’ म्हण आणि त्याच क्षणी जमीन सोड, चेंडू फक्त हाताने झेल. उडी अशी की बुटाखालून जेमतेम रॅकेटचं हँडल सरकेल. पहिल्या वीस-पंचवीस चेंडूंना ती गोंधळली, कारण तिला न मारलेल्या चेंडूवर उडी मारायला सांगितलं जात होतं. मग मी तिला डोळे मिटून कोर्टाबाहेर बसवलं आणि दुसऱ्या एका मुलीची स्प्लिट स्टेप नुसती ऐकायला लावली. सिमेंटवर दोन्ही आवाज स्वच्छ येतात: रॅकेटचा ‘टक्’ आणि बुटांचा ‘थप्’. ते जवळजवळ चिकटून यायला हवेत, आधी टक्, लगेच थप्. हिच्या स्वतःच्या व्हिडिओत मधे एवढी फट होती की त्यात एक शब्द बोलून होईल. तिने तो ऐकला, परत लावायला सांगितला, आणि काही न बोलता उठून कोर्टावर गेली.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. उडी फार लवकर घेतली तरी पंचाईत आहे. पाय समोरच्याने मारण्याआधीच टेकतात, टाचा खाली बसतात, दबलेले गुडघे सरळ होऊन जातात आणि रेटा द्यायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ओळखायची खूण अशी: थप् आधी आला, आणि चेंडू निघाल्यावर खेळाडू पुन्हा एक छोटा हेलकावा घेऊन मग निघाला. पुढे धावत येतानाही हाच नियम. नेटपर्यंत पोचायच्या हट्टाने स्प्लिट चुकवण्यापेक्षा दोन पावलं मागे, सर्व्हिस लाइनच्या आसपास थांबून ती वेळेवर घेतलेली बरी. आणि डबल्समध्ये चौघंही नेटवर असतील तर एवढी उडी घ्यायला वेळच नसतो. तिथे टाचा उचलून गुडघे सैल ठेवणं एवढंच शक्य.

चार दिवसांनी पुन्हा मोजलं. पाय सुटले समोरच्याच्या फटक्याच्या 30 फ्रेम आधी, टेकले 13व्या फ्रेमला. हवेत 43 फ्रेम, म्हणजे उडी निम्म्यावर आली. चेंडू आता पुढे लागत होता. मग कुठे मी हाताच्या कामाला लागलो.

ग्रिप तिची बरोबर होती, कॉन्टिनेंटल. कोकणात ती समजावायला सोपी आहे. कोयती धरतो तशी रॅकेट धरायची, धार जमिनीकडे. रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर, आणि हात व रॅकेट यांच्यात काटकोनापेक्षा थोडा मोठा कोन. व्हॉली संपेपर्यंत हा कोन बदलता कामा नये, आणि ‘मनगट घट्ट’चा खरा अर्थ तेवढाच. मूठ पहिल्यापासून आवळायची गरज नाही. दहापैकी तीन-चार एवढ्या जोराने धरायची आणि चेंडू लागायच्या क्षणी शेवटची तीन बोटं, करंगळीपासूनची, दाबायची. ती बोटं दाबली की मनगट आपोआप बांधलं जातं आणि कोपराखालचा हात दमत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत ग्रिप घामाने निसटते, म्हणून मुलं घाबरून मूठ आवळतात. त्यावर उपाय हँडलवर गुंडाळायची ओव्हरग्रिप वरचेवर बदलण्याचा. पालकांना तो खर्च वाटतो, आणि मग तेच पालक मनगटावर ओरडतात.

व्हॉलीच्या ठोशासारख्या आखूड फटक्यासाठी तिला कुंपणाकडे पाठ करून उभं केलं, टाचांपासून कुंपण वीतभर. रॅकेट खांद्याच्या मागे गेली की जाळी वाजते. खांदा वळला की रॅकेट मागे गेलीच समजायचं, हाताने वेगळी न्यायची नाही. मग समोरचं पाऊल आडवं पुढे टाकत, वरून किंचित खाली, फूटभर पुढे जाऊन थांबायचं. चेंडूचा वेग समोरच्यानेच दिलेला असतो. आपण पाऊल आणि खांद्याचं वजन त्याच्यामागे ठेवायचं, बस. लिएंडर पेसचे जुने डबल्सचे सामने लोक त्याच्या हातांच्या चपळाईसाठी बघतात. मी त्या मुलीला फक्त त्याचे पाय बघायला लावले.

बॅकहँड व्हॉली आठवडाभरात बसली. तिथे डावा हात रॅकेटच्या गळ्यावर असतो, तोच रॅकेटला मागे जाऊ देत नाही. फोरहँड मात्र अजून अडलाय. सकाळी शांत हवेत ठीक जातो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की बिघडतो. आमचं कोर्ट उत्तर-दक्षिण आखलेलं, त्यामुळे पश्चिमेचा वारा आडवा येतो, चेंडू शेवटच्या दोन मीटरमध्ये सरकतो आणि ती पाऊल टाकण्याऐवजी हात लांबवते. पहिल्यांदा मला वाटलं जुनी उडी परत आली. मोजलं तर पाय 15व्या फ्रेमला टेकलेले, वेळेवर.

मग रात्री उशिरापर्यंत तिचा डावा हात बघत बसलो. बॅकहँडला तो खांदा पूर्ण वळेपर्यंत रॅकेटवर असतो. फोरहँडला तो वळण सुरू होतानाच सुटतो, आणि तो सुटला की उजवा हात मोकळा होऊन मागे जातो. काल तिला सांगितलंय, फोरहँडलाही खांदा वळेपर्यंत गळा सोडायचा नाही. आज दुपारचं वाऱ्यातलं चित्रीकरण मोबाइलमध्ये आहे, त्यातल्या पहिल्या दहा व्हॉल्या मोजून झाल्यात. सहांमध्ये हात टिकला, चारांमध्ये सुटला. ते चारही चेंडू तिच्या अंगावर आलेले होते, बाजूला नाही. अंगावरचा चेंडू बॅकहँडनेच घ्यायचा असतो, हे मी तिला अजून शिकवलेलंच नाही.