अट्रिशन १८ वरून १५ वर आलं, त्या संध्याकाळची गोष्ट

वार्षिक आढाव्याच्या आदल्या संध्याकाळी माझी स्लाइड जवळजवळ तयार होती. अट्रिशन, म्हणजे वर्षभरात कंपनीतून गेलेल्या माणसांचं प्रमाण, गेल्या वर्षी १८ टक्के, यंदा १५. साहेबांना आकडा आधीच कळला होता आणि त्यांनी तो दोन बैठकांत सांगूनही टाकला होता. माझं काम फक्त खाली फोड जोडण्याचं उरलं होतं.

आकडा काढायला अवघड नाही. वर्षभरात गेलेली माणसं भागिले वर्षभरातली सरासरी माणसं, गुणिले १००. सरासरी मी बाराही महिनाअखेरच्या हेडकाउंटवरून काढते, कारण वर्षाचा पहिला आणि शेवटचा दिवस एवढेच घेतले तर मधली भरती-ओहोटी दिसतच नाही. दोन्ही वर्षी सरासरी ४०० आली. गेल्या वर्षी ७२ जण गेले, यंदा ६०. माणूस गेला असं धरायचं ते त्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, राजीनामा दिला त्या दिवशी नव्हे. त्यामुळे वर्ष संपत आलं की ‘त्याचा शेवटचा दिवस आठवडाभर पुढे टाका ना’ अशी विनंती कुठून तरी येतेच. दर वर्षी मी नाही म्हणते आणि दर वर्षी मला तितकाच संताप येतो.

फोड केली आणि हात थांबला. गेल्या वर्षीच्या ७२ पैकी २ निवृत्त झाले होते, २४ जणांना आपण जायला सांगितलं होतं आणि ४६ जणांनी स्वतःहून राजीनामा दिला होता. यंदाच्या ६० पैकी ३ निवृत्त, ९ जणांना आपण काढलं आणि स्वतःहून गेले ४८. म्हणजे राजीनामे कमी झालेच नव्हते, ११.५ टक्क्यांवरून १२ वर गेले होते. एकूण आकडा उतरला तो आपण काम न जमणाऱ्यांना जायला सांगणं थांबवलं म्हणून. ज्या घटीचा सगळ्यांना आनंद झाला होता, ती व्हायलाच नको होती.

मग पुढचा रकाना पाहिला, ‘रिग्रेटेड’. माणूस जातो तेव्हा त्याचा मॅनेजर एक्झिट फॉर्मवर लिहितो, याच्या जाण्याचं आपल्याला नुकसान आहे की नाही. गेल्या वर्षी ४६ पैकी १५ जणांपुढे ‘हो’ होतं. यंदा ४८ पैकी फक्त ६. स्लाइडवर टाकायला फारच गोड आकडा होता. मला तो खरा वाटेना, पण का वाटत नाही ते सांगता येत नव्हतं.

उत्तर दुसऱ्याच फाइलमध्ये सापडलं. माणूस गेला की त्याच्या जागी भरती करायला मॅनेजरला मागणीचा फॉर्म भरावा लागतो. मी दोन्ही फाइली शेजारी उघडल्या. एका विभागप्रमुखाने सकाळी एक्झिट फॉर्मवर ‘नुकसान: नाही’ असं लिहिलं होतं, आणि त्याच दिवशी दुपारी त्याच माणसाच्या जागेसाठी मागणी भरली होती: ‘अत्यंत तातडीचे. विभागात पर्याय नाही.’ तोच माणूस, तीच जागा, चार तासांचं अंतर. खाली आणखी अशा जोड्या होत्या.

त्यांना फोन लावला. आधी म्हणाले, “अहो मॅडम, जे गेले त्यांच्यासाठी रडत बसायचं का?” मी दोन्ही फॉर्म वाचून दाखवले. जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “तिथे ‘हो’ लिहिलं की माझ्याच अप्रेझलमधून गुण जातात. तुम्हीच ठरवलंय ना ते?”

खरं होतं. रिग्रेटेड अट्रिशन कमी ठेवणं हे वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विभागप्रमुखाच्या उद्दिष्टांत घातलं गेलं होतं, आणि त्या बैठकीत मी मान डोलावली होती. ज्याचे गुण आकड्यावर ठरणार, त्याच्याच हातात आकडा लिहायचं पेन दिलं होतं. त्यांचा राग मला येऊ शकला नाही.

रात्री मी मॅनेजरांचा रकाना बाजूला ठेवून सगळी नावं नव्याने लावली. नियम एकच केला: माणूस प्रत्यक्ष जाण्याआधी कागदावर आलेलंच धरायचं, कारण गेल्यानंतर प्रत्येकाला गेलेला माणूस एक तर फार थोर वाटतो नाही तर फार सामान्य. तीन गोष्टी पाहिल्या. मागच्या दोन्ही वर्षांचं रेटिंग ५ पैकी ४ किंवा जास्त होतं का? वरच्या जागेसाठी संभाव्य वारसांच्या यादीत नाव होतं का? राजीनामा दिल्यावर त्याला थांबवायला काउंटर ऑफर दिली होती का? तीनपैकी दोन ‘हो’ असतील तर रिग्रेटेड.

हाच नियम आधी गेल्या वर्षीच्या ४६ जणांना लावला. १३ आले, मॅनेजरांनी १५ म्हटलं होतं, म्हणजे तेव्हा ते बऱ्यापैकी खरं लिहीत होते. यंदाच्या ४८ मधून २२ आले. ३.२५ टक्क्यांवरून ५.५. त्या फोनवरच्या विभागप्रमुखाच्या विभागात सरासरी २५ माणसं, त्यातली ७ अशी गेलेली. पहिली जी गेली तिच्यानंतर चार महिन्यांत बाकीचे सहा, आणि पहिल्या दोघांच्या एक्झिट इंटरव्ह्यूत कारण जवळजवळ एकाच शब्दांत लिहिलेलं. कोणी वाचलं नव्हतं, कारण एकूण आकडा उतरत होता.

उरलेल्या २६ जणांना सरसकट ‘बरं झालं गेले’ म्हणायलाही माझं मन धजत नाही. त्यातले ५ जण रुजू होऊन वर्ष पुरं व्हायच्या आत गेले होते. त्यांना रेटिंगच मिळालेलं नव्हतं, आणि ती चूक भरतीतली आहे. ते मी वेगळ्या ओळीत दाखवले.

सकाळी साहेबांनी स्लाइड शांतपणे पाहिली. १५ चा आकडा त्यांनी काढायला लावला नाही, खाली दुसरी ओळ घालू दिली. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आढाव्यात सगळा वेळ त्या दुसऱ्या ओळीवरच गेला आणि विभागप्रमुखांच्या उद्दिष्टांतून रिग्रेटेड अट्रिशनचा मुद्दा काढून टाकला गेला.

हे लिहायला बसले ते मात्र एका नावामुळे. त्या २६ मध्ये हिशेब विभागातली एक बाई होती. दोन्ही वर्षी रेटिंग ३, वारसांच्या यादीत नाव नाही, थांब असं कोणी म्हटलं नाही. माझ्या नियमाने तिचं जाणं नुकसानीचं नव्हतं. तिची हँडओव्हर नोट चार ओळींची होती, कारण जास्त काही कोणी मागितलंच नव्हतं. आढावा होऊन महिना झाल्यावर कळलं की महिनाअखेरचा ताळमेळ, जो ती असताना दोन दिवसांत लागायचा, त्याला आता सात दिवस लागतात. कुठली नोंद कुठे अडकते ते फक्त तिला ठाऊक होतं. तिने कधी गाजावाजा केला नाही आणि गाजावाजा न करणाऱ्याला आमच्याकडे ३ च मिळतात.

तिची ओळ मी बदललेली नाही. मागाहून कळलेल्या गोष्टीवरून एक नाव हलवलं तर उद्या दुसऱ्याचंही हलवावं लागेल, आणि मग माझ्या आणि त्या विभागप्रमुखांच्या रकान्यात फरक काय राहिला? फाइलमध्ये २२ च आहेत. पण आता दर सहा महिन्यांनी आम्ही प्रत्येक विभागात एकच प्रश्न विचारतो: काम अडलं की तुम्ही कोणाकडे जाता? पहिल्या फेरीत सर्वाधिक वेळा आलेल्या पाच नावांपैकी तिघांचं रेटिंग ३ आहे, आणि त्या तिघांतलं एकही वारसांच्या यादीत नाही.