‘विसंगत’ निष्कर्षाची एक दुपार

पीएचडीच्या प्रबंधात पाचवं प्रकरण, म्हणजे निष्कर्षांची चर्चा, बहुतेक विद्यार्थी एका बैठकीत उरकतात. ‘हा निष्कर्ष अमुक यांच्याशी सुसंगत, तमुक यांच्याशी विसंगत’ अशी वाक्यं पानभर लिहिली की झालं. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी आणलेलं प्रकरणही तसंच होतं, पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडकलो.

त्यांचा प्रयोग चौथीच्या हातच्याच्या वजाबाकीवर होता. मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट पाडून आठ आठवडे, रोज तासभर शिकवायचं. प्रायोगिक गटात 30 मुलं आणि नियंत्रित गटात 30, चाचणी 25 गुणांची. उत्तरचाचणीत प्रायोगिक गटाचं मध्यमान 2 गुणांनी जास्त आलं, पण टी मूल्य 1.3. सार्थकतेसाठी, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणता येण्यासाठी, ते 2 च्या आसपास हवं होतं. मॅडमनी लिहिलं होतं : ‘हा निष्कर्ष बॅनर्जी व इतर (2007) यांच्याशी विसंगत आहे. याचे कारण विद्यार्थ्यांची अनास्था असावे.’

“अनास्था कुठे मोजली तुम्ही?” मी विचारलं.

“मोजली नाही, सर. पण काहीतरी कारण द्यावं लागतं ना?”

बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांचा तो अभ्यास मुंबई आणि वडोदऱ्यातला. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. मुलांचे गुण मध्यमानाभोवती किती पसरलेत याचं माप म्हणजे प्रमाण विचलन; त्या मापात पहिल्या वर्षी परिणाम 0.14, दुसऱ्या वर्षी 0.28, आणि फायदा मुख्यतः वर्गातल्या तळाच्या मुलांना. मी मॅडमना म्हटलं, त्यांचा आकडा विचलनात आहे, तुमचाही त्याच मापात आणू. पूर्वचाचणीचं प्रमाण विचलन 7 होतं. 2 भागिले 7, म्हणजे 0.29.

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे तेवढाच आला की!”

तेवढाच. फरक मुलांच्या संख्येत होता. त्या अभ्यासात 15,000 हून जास्त मुलं होती. एवढ्या बारीक परिणामाची साध्या टी चाचणीने खात्री करायची तर गटागटात 200 च्या आसपास मुलं लागतात. 30 मुलांत 2 गुणांचा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून चाचणीने हात वर केले. ‘सार्थक नाही’ आणि ‘विसंगत आहे’ या दोन गोष्टी एकच समजल्या जातात, आणि तपासलेल्या कितीतरी प्रबंधांत मला हाच घोळ दिसला आहे.

मॅडमचा आनंद मात्र मला लगेच थोडा कमी करावा लागला. त्यांच्या 2 गुणांभोवतीचा 95 टक्के विश्वास पल्ला, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, काढला तर तो साधारण उणे 1 ते अधिक 5 येत होता. त्यात मुंबईचा आकडा बसतो, आणि शून्यही बसतं. शिवाय वर्षभराची बालसखी आणि आठ आठवडे स्वतः शिक्षिका, ही तुलना सरळ नाहीच. त्यामुळे ‘सुसंगत’ हा शब्दही गेला.

मग गुणतक्ता काढून पूर्वचाचणीनुसार मुलांचे तीन भाग केले. वरच्या मुलांना आधीच 25 पैकी 23 च्या घरात गुण होते. दोन्ही गटांत ती 24 वर गेली, पुढे जायला जागाच नव्हती. ही शिकण्यातली नव्हे, चाचणीतली मर्यादा. तळाच्या मुलांचं चित्र वेगळं होतं : प्रायोगिक गट 6 वरून 14 वर, नियंत्रित गट 6 वरून 9 वर.

“नियंत्रित गटाला मी काहीच शिकवलं नाही, सर. ते 3 गुण कुठून आले?”

काही रोजच्या वर्गातून. आणि काही असे, की ज्या दिवशी एखाद्या मुलाचा पेपर खास वाईट गेला, त्याच दिवसाच्या गुणांवरून आपण त्याला तळात टाकलेलं असतं. पुढच्या वेळी तो आपोआप थोडा वर येतो. म्हणून तळाच्या मुलांच्या 8 गुणांच्या वाढीचं सगळं श्रेय पद्धतीला देता येत नाही. 8 वजा 3, म्हणजे 5 गुणांचंच बोलायचं. आणि तेही जपून, कारण अशी विभागणी करायचं परिकल्पनेत नव्हतं, ती आपण आकडे बघितल्यावर केली. दहा-दहा मुलांचे भाग, दोन्ही वर्गांना वेगळ्या शिक्षिका. मुंबई-वडोदऱ्यातही तळालाच फायदा झाला होता, हा आधार मात्र खरा.

मॅडमनी अनास्थेचं वाक्य खोडलं. परिकल्पनेचा निकाल होता तसाच ठेवला. चर्चेत चाचणीच्या मर्यादेचा परिच्छेद आला, आणि तळाच्या मुलांबद्दल ‘पुढील संशोधनात आधीच परिकल्पना मांडून तपासावे’ असं वाक्य. प्रकरण चार पानांनी वाढलं.

“मौखिकीत बाहेरचे परीक्षक म्हणतील, एवढं करून तुमचं सार्थक काहीच आलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणतील,” मी म्हटलं. “तो पल्ल्याचा कागद हाताशी ठेवा.”