एमबीएचा ‘गोल्स एसे’ तपासताना आधी मधली पायरी बघा

बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्या कुणाचा ‘गोल्स एसे’, म्हणजे पुढची उद्दिष्टं सांगणारा निबंध, वाचायला आला की बहुतेक जण आधी भाषा दुरुस्त करायला बसतात. ते काम सगळ्यात शेवटचं. प्रवेश समितीपुढे निबंध एकटा जात नाही, सोबत सीव्ही आणि शिफारसपत्रंही असतात. म्हणून आधी सीव्ही वाचा, मग निबंधातून तीनच गोष्टी कोऱ्या कागदावर उतरवा: आज हा माणूस काय करतो, डिग्रीनंतर लगेच काय करणार आणि आठ-दहा वर्षांनी कुठे असणार. यातली एखादी गोष्ट एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर दोष तुमच्या वाचनात नाही, निबंधात आहे.

डिग्रीनंतरचं उद्दिष्ट म्हणजे कामाचं स्वरूप, क्षेत्र आणि शक्यतो कुठल्या प्रकारची कंपनी. ‘कन्सल्टिंग किंवा प्रॉडक्ट मॅनेजमेंट किंवा स्टार्टअप’ हे उद्दिष्ट होत नाही. पुढचं उद्दिष्ट थोडं सैल असलं तरी चालतं, पण ‘नेतृत्वाच्या भूमिकेतून समाजावर प्रभाव’ इतकं सैल नको. ते वाक्य कुणाच्याही निबंधात खपून जातं.

आता एक नमुना घेऊ. उमेदवार पाच वर्षं शीतगृहांच्या कंपनीत गोदामांचं नियोजन करतोय. मसुद्यात लिहिलंय: ‘एमबीएनंतर मला स्ट्रॅटेजी कन्सल्टिंगमध्ये जायचं आहे, जेणेकरून विविध समस्या सोडवता येतील. पुढे छोट्या शेतकऱ्यांसाठी स्वतःची शीतसाखळी कंपनी काढायची आहे.’ दोन्ही टोकं स्पष्ट आहेत, वाचायला छान वाटतं, आणि नेमकी इथेच तपासणाऱ्याची फसगत होते. गडबड मधल्या पायरीत, म्हणजे डिग्रीनंतरच्या लगेचच्या कामात आहे.

ती पकडायला उलटं चाला. अशी कंपनी चालवणाऱ्याला काय यावं लागतं? गोदामाचं रोजचं काम, ते याला येतं. दुसरं म्हणजे भांडवल उभारणं, कारण शीतगृहात इमारत आणि यंत्रसामग्रीवर पैसा आधी अडकतो आणि सुटतो सावकाश. तिसरं, हंगामी मालावर भाडं कसं आकारायचं, जेणेकरून गोदाम रिकामं असतानाही कर्जाचे हप्ते निघतील. दुसरं आणि तिसरं याला येत नाही. निबंधाने ही दरी उघडपणे कबूल करायला हवी. ‘विविध समस्या’ या शब्दांनी ती भरत नाही.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एक, कन्सल्टिंग ठेवायचं, पण अन्नप्रक्रिया आणि वितरण कंपन्यांसाठी पुरवठा साखळीचं काम करणाऱ्या गटात, आणि तिथे किंमत व क्षमतेचे निर्णय कसे घेतात ते शिकायचंय असं सांगायचं. दोन, पायरीच बदलायची: मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीत नव्या गोदामांच्या गुंतवणुकीचं मूल्यमापन करणाऱ्या विभागात जायचं. दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण तिथे नेमकी भांडवलाची बाजू शिकायला मिळते. निवड मात्र उमेदवाराची. तपासणाऱ्याने पेन्सिलीने फक्त ‘हीच पायरी का?’ एवढंच लिहावं. उत्तर आपण लिहून दिलं की निबंध दुसऱ्याचा होतो आणि मुलाखतीत ते उघडं पडतं.

पायरी पटली तरी ती गाठता येईल का, हा प्रश्न वेगळा. बहुतेक स्कूल दरवर्षी रोजगार अहवाल काढतात. कुठल्या क्षेत्रात, कुठल्या कामात, कुठल्या भागात विद्यार्थी गेले ते त्यात दिसतं. उमेदवाराला हवं ते काम त्यात जेमतेम दिसत असेल, तर ती नोकरी आपण स्वतः कशी शोधणार हे निबंधात यायला हवं. शिवाय काम, क्षेत्र आणि देश या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलायच्या असतील तर अभ्यासक्रमाची लांबी बघा. दोन वर्षांच्या कोर्सात मध्ये उन्हाळी इंटर्नशिप असते, तिथे नवं क्षेत्र आजमावता येतं. एक वर्षाच्या कोर्सात ती सोय बऱ्याचदा नसते. मग तिहेरी उडीचा निबंध कितीही तर्कशुद्ध असला तरी वाचणारा साशंक होतो.

‘हेच स्कूल का’ या परिच्छेदाला फार वेळ देऊ नका. स्कूलचं नाव झाकून वाचा. दुसरं नाव तिथे चपखल बसत असेल तर परिच्छेद रद्द. प्राध्यापकांची आणि क्लबांची नावं वेबसाइटवरून उचलून ओतलेली असतात, त्यांना वजन नसतं. वरच्या उमेदवाराने प्रकल्प वित्तपुरवठ्याचा एखादा विषय घेऊन त्यातून कुठली दरी भरेल हे सांगितलं, तर एकच नाव पुरतं.

शेवटी निबंध शिफारसपत्राशी ताडून पाहायचा. पत्र उमेदवाराला दिसत नाही, पण देणाऱ्या वरिष्ठांशी बोलता तर येतं. निबंध म्हणतो कंपनी काढायची, आणि साहेब लिहितात ‘हा आमच्या गोदामांचा पुढचा प्रमुख’. हा विसंवाद अर्ज पाठवण्याआधी एका फोनवर मिटतो.