‘बहुधा’ या शब्दाचे ओझे

काल संध्याकाळी टीममधल्या धाकट्याने तिकिटाखाली एकच ओळ लिहिली: “ताई, माझा बदल काढल्यावर या ११ चाचण्या पास होत नाहीत, त्या skipped होतात.” त्यापुढे ना प्रश्नचिन्ह होते, ना तक्रार. तो जागेवरून उठून गेलाही होता. तेव्हापासून ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज हे सविस्तर लिहून काढत आहे.

रात्रीच्या रिग्रेशनमध्ये ४१२ क्रमांकाच्या बिल्डवर अहवालाच्या ११ चाचण्या फेल झाल्या. सगळ्यांची चूक एकसारखीच होती: अपेक्षित तारीख 2024-03-31 आणि मिळालेली 2024-03-30. एकाच चुकीची ११ तिकिटे करण्यात अर्थ नसतो, म्हणून मी एकच तिकीट काढून त्यात अकराही चाचण्यांची नावे लिहिली. ४११ चा बिल्ड डॅशबोर्डवर हिरवा होता. म्हणजे संशयाचा पट्टा ४११ ते ४१२ एवढाच, आणि त्यात अवघे ९ कमिट. त्यांपैकी तारखा छापणाऱ्या फाइलला हात लावणारा कमिट एकच होता, धाकट्याचा. तरीही मी घाई केली नाही, असे मला काल संध्याकाळपर्यंत प्रामाणिकपणे वाटत होते. मी तो कमिट माझ्या मशीनवर उलटवला, चाचण्या पुन्हा चालवल्या आणि लाल रंग नाहीसा झालेला पाहिला. मग तिकिटाला त्या कमिटचा दुवा जोडला आणि नात्याच्या रकान्यात `is caused by` निवडले. वर्णनात मात्र ‘बहुधा’ असा शब्द लिहिला होता.

मी पाहिले ते हे:

```
0 failed, 11 skipped
```

यातला पहिला आकडा मी वाचला आणि दुसरा वाचलाच नाही. गेली कित्येक वर्षे मी हाच सारांश दररोज वाचते.

झाले होते ते असे. ४०९ मध्ये नमुना डेटाच्या फाइलमधील एका रकान्याचे नाव बदलले गेले आणि तो डेटा भरणारा लोडर बंद पडला. डेटा नसेल तर अहवालाच्या चाचण्या फेल होत नाहीत, त्या वगळल्या जातात, आणि वगळलेल्या चाचण्यांमुळे आमचा डॅशबोर्ड लाल होत नाही. म्हणून ४०९, ४१० आणि ४११ हे तिन्ही बिल्ड हिरवे दिसले, पण त्या तीन रात्री या ११ चाचण्या चालल्याच नव्हत्या. धाकट्याने ४१२ मध्ये लोडर दुरुस्त केला आणि त्याच कमिटमध्ये तारीख छापणारे एक फंक्शन दुसऱ्या जागी हलवले. लोडर सुरू झाला, चाचण्या पुन्हा धावल्या आणि आधीपासून दडलेली चूक उघडी पडली. त्याचा कमिट उलटवल्यावर चूक गेली नव्हती. लोडर पुन्हा बंद पडला होता, एवढेच. ज्याने दिवा लावला त्याच्याच नावावर मी अंधार मांडला, आणि जो प्रयोग मी पुरावा म्हणून केला त्यानेच माझा गैरसमज पक्का केला.

रात्री उशिरापर्यंत मनात स्वतःविषयीच कणव दाटून आली होती. तिकिटाला दुवा जोडला नाही तर ते आठवडाभर कोणाच्याच नावावर पडून राहते आणि बैठकीत मलाच विचारले जाते की नुसते फेल झाले म्हणून काय कळवता, कशामुळे ते सांगा. दुवा जोडला आणि तो चुकला, तर दिवसभर एक माणूस स्वतःचाच बरोबर असलेला कोड पुन्हा पुन्हा तपासत बसतो. धाकट्याचा कालचा संपूर्ण दिवस त्यातच गेला. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही. त्याविषयी पुढे लिहिणे जमत नाही.

आज सकाळी सगळे पहिल्यापासून केले. आधी प्रत्येक चाचणी शेवटची पास कधी झाली हे शोधले. डॅशबोर्डचा रंग बाजूला ठेवून मी त्या-त्या चाचणीचा स्वतःचा इतिहास उघडला. उत्तर ४०८ निघाले. पट्टा एकदम ३४ कमिटचा झाला. एकेक तपासत बसण्याऐवजी बायसेक्ट लावले, कारण दर फेरीला पट्टा निम्मा होतो आणि ३४ कमिटसाठी साधारण पाच-सहा फेऱ्या पुरतात.

```
git bisect start build-412 build-408
git bisect run ../tapas.sh
```

खरी कसरत `tapas.sh` मध्ये होती. मधल्या कमिटवर लोडर मोडलेला असल्यामुळे, जिथे गरज असेल तिथे धाकट्याची लोडरपुरती दुरुस्ती तात्पुरती चिकटवून मगच चाचणी चालवावी लागली आणि दर फेरीनंतर ती काढून टाकावी लागली. चाचणी पास झाली तर 0, फेल झाली तर 1 आणि ती चाललीच नाही तर 125 परत द्यायचे. 125 मिळाले की git त्या कमिटला चांगलाही म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही, बाजूला ठेवून शेजारचा घेतो. काल माझ्या डोक्यात नेमका हा तिसरा निकाल नव्हता.

सहाव्या फेरीला नाव आले. ४१० मधला एक छोटा कमिट, संदेश होता ‘अनावश्यक वेळ काढली’. तारखेच्या मजकुरातून `T00:00:00` हा भाग काढलेला होता. दिसायला ती निव्वळ साफसफाई होती, पण जावास्क्रिप्टमध्ये `2024-03-31T00:00:00` ही स्थानिक वेळ धरली जाते आणि नुसते `2024-03-31` ही UTC मधली मध्यरात्र धरली जाते. चाचणीचे मशीन UTC च्या मागच्या वेळेवर लावलेले आहे, त्यामुळे त्या क्षणी तिथे अजून ३० तारीखच असते. ज्याने हा बदल केला त्याचे मशीन UTC च्या पुढे आहे, म्हणून त्याला ३१ च दिसली असणार. त्या फाइलच्या नावात तारीख किंवा अहवाल यांचा उल्लेखही नव्हता. फाइलच्या नावांवरून संशयित शोधत राहिले असते तर मी तिथे कधीच पोहोचले नसते.

हा बदल कोणाचा, हे पाहून हात क्षणभर थांबला. काल धाकट्याच्या वेळी तो थांबला नव्हता. हे मला स्वतःविषयी कळले आणि ते मुळीच आवडले नाही.

दुपारी तिकीट सुधारले. धाकट्याच्या कमिटशी असलेले नाते `relates to` केले आणि खाली लिहिले की या बदलामुळे चाचण्या पुन्हा चालू झाल्या व चूक दिसली. नव्या दुव्याशेजारी शेवटचा पास बिल्ड, बायसेक्टचा निकाल आणि तो भाग परत घातल्यावरचा सारांश ‘११ पास, ० skipped’ असे तिन्ही आधार दिले. ‘बहुधा’ हा शब्द मी काढला नाही. पण तो कशावरून म्हटला आहे हे आता त्याच्या शेजारी लिहिलेले असते. नाहीतर रकान्यातला दुवा सगळे वाचतात आणि वर्णनातला ‘बहुधा’ कोणीच वाचत नाही. कालचा दुवा तिकिटाच्या इतिहासात वेळेसह तसाच राहील, तो मला पुसता येत नाही. राहू दे. माझे चुकले ते तिथे माझ्याच नावावर आहे आणि मन आता बरेच शांत आहे.

मी चूक मान्य करणारी ओळ तिकिटातच लिहिली, सगळ्यांना दिसेल अशी. धाकट्याचे उत्तर तासाभराने आले: “ताई, ती `tapas.sh` रेपॉझिटरीत टाकाल का? लोडर पुन्हा मोडला तर लागेल.” उद्या सकाळी टाकणार आहे.