वाळकेश्वर, एक टॉर्च आणि छत्तीसचा आकडा

डोंबिवलीहून वाळकेश्वरला जाणं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. लोकलचं रडगाणं गात नाही, तुमचंही तेच असणार. बाणगंगेच्या पायऱ्यांवर पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाठीवर कागदाची गुंडाळी, हातात बादली आणि पुढे आमचे निवृत्त सर, ज्यांना वाटेत चहासाठीसुद्धा थांबायचं नसतं.

देऊळ लहान, त्यामुळे नाव सांगत नाही. भिंतीत काळ्या दगडावर चार ओळींचा लेख आहे, त्याचा कागदावर ठसा घेऊन तो वाचायला आम्ही आलो होतो. गुरुजींनी आणि विश्वस्तांनी आधीच परवानगी दिली होती. ती नसेल तर दगडाला ओला कागद लावायचा विचारही करू नका, आणि संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागतेच. बाहेर ऑइलपेंटची पाटी होती : स्थापना इ.स. १८४६.

पहिला वैताग तेलाचा. भाविक येता-जाता दगडाला तेलाचा हात लावतात. अशा दगडावर कागद धरत नाही, पाण्याचे थेंब नुसते घरंगळतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच वापरायचं. साबण नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. तासभर त्यातच गेला. मग ओला कागद लावून ताठ केसांच्या ब्रशने सरळ ठोकत गेलो, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. मी घाईत ब्रश ओढला आणि दुसऱ्या ओळीवर कागद फाटला. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर वाट पाहायची. समुद्र शेजारी, हवा दमट, कागद वाळता वाळेना. पूर्ण वाळला तर सुटून येतो, फार ओला असेल तर शाई पसरते आणि अक्षरं बुजतात. बोट लावल्यावर गारवा जाणवला पाहिजे, पण बोट ओलं होता कामा नये. तेव्हा शाईचा बोळा आधी रद्दी कागदावर टिपून हलक्या हाताने फिरवायचा. सपाट भाग काळा होतो, खोल अक्षरं पांढरी राहतात. ठशावर आकडा स्वच्छ आला : शके १७६८. त्यात ७८ मिळवले की १८४६. पाटी बरोबर! मी सामान आवरायला लागलो.

सर म्हणाले, ‘‘थांब. ठशाला टवका आणि टाकीचा घाव यातला फरक कळत नाही. दोन्ही पांढरेच.’’

आरती झाली, दिवे मंद केले आणि सरांनी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. एवढा वेळ जो मुका दगड होता, त्यावर सावल्या उठल्या. बाजूने उजेड टाकला की उभ्या रेषा उठून दिसतात, शिरोरेघ मात्र गायब होते, कारण ती उजेडाच्याच दिशेने धावते. म्हणून चारही बाजूंनी बघायचं, दर वेळी फोटो घ्यायचा. खालून उजेड टाकला तेव्हा खोदलेली अक्षरं चक्क उठावदार वाटली. उजेड वरूनच येतो अशी आपल्या डोळ्यांची सवय असते, म्हणून.

आता तो आकडा. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, छत्तीसचा आकडा उगाच म्हणत नाहीत. डावीकडचं ते ‘पोट’, ज्यामुळे मी ६ वाचला होता, त्याचा तळ खडबडीत होता आणि कडा विस्कटलेल्या. तो टवका होता. उजवीकडच्या झिजलेल्या वळणांत मात्र टाकीची धारदार कड अजून होती. म्हणजे ३.

सरांनी मला आधी माझं वाचन वहीत लिहायला लावलं, त्यांनी त्यांचं वेगळं लिहिलं. पाटी वाचून आल्यामुळे माझ्या डोळ्यांना ६ दिसायचाच होता, हे कबूल. मग पुढचा शब्द पाहिला. ‘धा’ स्पष्ट, त्यापुढचं अक्षर अर्धं, नंतर ‘नाम संवत्सरे’. संवत्सरांची साठ नावं वर्षागणिक ओळीने फिरतात. शकात बारा मिळवून साठने भागलं की उरते ती संवत्सराची संख्या. १७३८ ला दहा उरतात, आणि दहावा संवत्सर धाता. १७६८ ला चाळीस उरतात, तो पराभव. ‘धा’ने सुरू होणारा साठांत दुसरा नाही. वहीत शेवटी आलं : शके १७[३]८ धा[ता]नाम संवत्सरे. कंसातलं ते अंधुक, उघड उघड तसं लिहायचं.

परतीच्या टॅक्सीत सरांनी अंबरनाथचा किस्सा सांगितला. तिथल्या शिलालेखाचा शक एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाडांनी ७८२ वाचला होता, त्याच काळातले अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी नंतर तो ९८२ आहे असं दाखवलं. एका आकड्याने दोनशे वर्षं इकडची तिकडे. आमची चूक तीसचीच, पण मला रात्रभर बोचत राहिली.

निघताना गुरुजींनी पाटीकडे बोट केलं. ‘‘मग इ.स. १८१६ ना? पेंटरला सांगू का?’’

‘‘आत्ता नको,’’ सर म्हणाले, ‘‘त्या फाटलेल्या ओळीचा ठसा परत घ्यायचाय.’’ आणि माझ्याकडे बघितलं.