तुम्ही विचारलंत म्हणून: ओटीएसमध्ये सुटलेलं मुद्दल नेमकं कुठे दाखवायचं?

«बँकेनं वन टाइम सेटलमेंट करून मुद्दलातलेही पैसे सोडले. तो फायदा आमच्या हिशेबात कुठे दाखवायचा, आणि त्याच्यावर टॅक्स बसतो का?»

आधी बँकेचं मंजुरीपत्र काढून समोर ठेवा. त्यात बहुतेक वेळा एकच आकडा असतो: येणं इतकं, तडजोड इतक्याला, बाकी माफ. कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी पतसंस्थेचं पत्र कन्नडमध्ये असेल तर ‘साल मन्ना’, म्हणजे कर्ज माफ, एवढ्यावर भागवलेलं असतं. असलु म्हणजे मुद्दल किती सुटलं आणि बड्डी म्हणजे व्याज किती सुटलं, हे वेगळं लिहिलेलं नसतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळं त्या फोडीवर अवलंबून आहे. सुटलेला पैसा दिसायला एक रक्कम असतो, पण आयकराच्या दृष्टीनं त्यात दोन-तीन वेगळ्या जातीचे पैसे असतात. प्रत्येकाला विचारायचं एवढंच: हा रुपया आधी कधी खर्च म्हणून वजा घेतला होता का? आणि नसेल, तर तो कर्जातून कशासाठी आला होता?

एक उदाहरण पूर्ण सोडवू. उद्यमबागेतलं मशीन शॉप, एकट्या मालकाचं, हिशेब मर्केंटाइल पद्धतीचे, म्हणजे पैसे दिले नसले तरी देणं झालं की खर्च लिहायचा. सीएनसी लेथसाठी घेतलेल्या टर्म लोनचं मुद्दल 18 लाख, सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं, मुद्दल 10 लाख, थकलेलं व्याज 7 लाख. एकूण येणं 35 लाख, तडजोड 22 लाखांना, म्हणजे 13 लाख सुटले. बँकेनं लेखी दिलं की 7 लाख व्याज सगळं माफ, आणि मुद्दलातले टर्म लोनचे 4 लाख व सीसीचे 2 लाख माफ. भरलेले 22 लाख अशा रीतीनं पूर्ण मुद्दलाला गेले.

आता व्याजाचे 7 लाख घ्या. खातं थकीत ठरून एनपीए होईपर्यंतचं 4.5 लाख व्याज आपल्या वह्यांत खर्ची पडलेलं आहे. त्यानंतरचं 2.5 लाख बँकेनं फक्त आपल्या नोंदीत मोजलं, आपण कधी लिहिलंच नाही. जे लिहिलंच नाही त्याची सूटही लिहायची नाही. त्या 2.5 लाखांची कुठलीच नोंद होत नाही. म्हणजे 13 लाख सुटले, तरी वह्यांत जमा होतात 10.5 लाख. नोंद अशी:

टर्म लोन खाते नावे 4,00,000
सीसी खाते नावे 2,00,000
देय व्याज खाते नावे 4,50,000
कर्ज तडजोडीतील सूट खाते जमा 10,50,000

हे शेवटचं खातं नफा-तोटा पत्रकात स्वतंत्र ओळीत दिसलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम थेट मालकाच्या भांडवल खात्यात टाकलेली दिसते. मग ताळेबंदात भांडवल एकाएकी वाढतं आणि ते कुठून आलं याचा पत्ता लागत नाही. दुसरीकडे ती व्याज खात्यालाच जमा करतात आणि त्या वर्षाचं व्याज उणे दिसतं. काहीजण लेथची किंमत 4 लाखांनी कमी करून टाकतात. तसं स्वतःहून करू नये. सूट कर्जाला मिळाली आहे, यंत्राच्या किमतीला नाही. लेथ विकणाऱ्याचे पैसे पूर्ण चुकते झाले होते.

वह्यांत नफा आला म्हणजे सगळ्यावर कर लागला असं नाही. करपात्र उत्पन्न काढताना या 10.5 लाखांचे तीन भाग होतात.

पहिला भाग व्याजाचे 4.5 लाख. आयकर कायद्याचं कलम 41(1) म्हणतं, एखादं देणं पूर्वी खर्च म्हणून वजा घेतलं असेल आणि नंतर ते सुटलं, तर सुटलेली रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न. पण बँकेच्या व्याजाला कलम 43बी लागू होतं: प्रत्यक्ष भरल्याशिवाय वजावट नाही. म्हणून हे न भरलेलं 4.5 लाख त्या-त्या वर्षी विवरणपत्रात उत्पन्नात परत जोडलेलं असणार. वजावट मिळालीच नव्हती, तर सूट करपात्र कशी होईल? ते उत्पन्नातून वजा करा. मात्र हे अंदाजानं ठरवू नका. जुन्या प्रत्येक वर्षाचं कॉम्प्युटेशन काढा, ऑडिट झालं असेल तर ऑडिट अहवालाच्या फॉर्म 3सीडीचं कलम 26 पाहा. एखाद्या वर्षी चुकून वजावट घेतलेली सापडली, तर त्या वर्षाचं व्याज 41(1) मध्ये येतं. आणि यंदाच्या 26व्या कलमातल्या थकबाकीच्या यादीतून ही रक्कम काढायला विसरू नका, नाहीतर माफ झालेलं व्याज पुढची दहा वर्षं ‘न भरलेलं’ म्हणून तिथंच बसतं.

दुसरा भाग सीसीचे 2 लाख. सीसीचा पैसा लोखंड, पगार आणि वीजबिलात गेला. तो रोजच्या धंद्याचाच पैसा. मुंबई उच्च न्यायालयानं सॉलिड कंटेनर्सच्या प्रकरणात आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2011 साली लॉजिट्रॉनिक्सच्या प्रकरणात, धंद्याच्या व्यवहारासाठी घेतलेलं कर्ज सुटलं तर ते उत्पन्न, असं धरलं. हे 2 लाख नफ्यातच राहू द्या.

तिसरा भाग, टर्म लोनचे 4 लाख, हाच खरा वादाचा. महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 24 एप्रिल 2018 रोजी निकाल दिला. अमेरिकेच्या कैसर जीपकडून डाय-टूलिंगसाठी घेतलेलं कर्ज पुढे माफ झालं होतं. न्यायालय म्हणालं, यंत्रसामग्रीसाठीचं कर्ज हे व्यापारी देणं नाही आणि ते कधी वजा घेतलेलं नाही, म्हणून 41(1) नाही. आणि कलम 28(iv) मधला ‘लाभ’ रोख पैशाचा नसतो, म्हणून तेही नाही. त्यातला दुसरा आधार आता राहिलेला नाही. 2023 च्या वित्त कायद्यानं 28(iv) मध्ये रोख लाभही आणला, कर निर्धारण वर्ष 2024-25 पासून. पहिला आधार शाबूत आहे. भांडवली कर्जातली सूट हा मुळात ‘धंद्यातून आलेला लाभ’ आहे का, हा मुद्दाही मांडता येतो. माझं मत: ही रक्कम भांडवली म्हणून वजा घ्यायला आधार आहे, पण गुपचूप नाही. नफा-तोटा पत्रकात दाखवून मग कॉम्प्युटेशनमध्ये कारणासह वजा करा. पत्रकात न आणता थेट राखीव निधीला नेली असेल, तर 3सीडीच्या कलम 16 मध्ये आणि आयटीआर-3 च्या शेड्यूल ओआयमध्ये ‘भांडवली जमा’ या ओळीत ती लिहावीच लागते. शिवाय अधिकाऱ्यानं नाही मानलं तर 4 लाखांवरचा कर आणि व्याज भरायची तयारी ठेवा. ही जोखीम कर्जदाराला आधी समजावून सांगितली पाहिजे.

आता फोडीचं महत्त्व पाहा. याच 22 लाखांतले 7 लाख बँकेनं आधी व्याजाला जमा केले असते, तर मुद्दलाला 15 लाख गेले असते आणि सगळे 13 लाख मुद्दलातले सुटले असते. मग व्याज प्रत्यक्ष भरलं म्हणून 43बी खाली पूर्ण 7 लाखांची वजावट यंदा मिळाली असती, आणि वादाची रक्कम मात्र मोठी झाली असती. भरलेले रुपये तेच, करपत्रक वेगळं. म्हणून मंजुरीपत्र हातात पडण्याआधीच शाखेला लेखी विचारा: जमा रक्कम कोणत्या खात्याला आणि कशापोटी घेणार? पैसे भरल्यावर खातेउतारा घेऊन तो पत्राशी जुळवा. पत्र एक सांगतं आणि उतारा दुसरंच, असं आढळलं तर शाखेकडून दुरुस्तीचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. नंतर फाइल रिकव्हरी विभागाकडून रेकॉर्ड रूममध्ये जाते आणि कुणी सापडत नाही.

इथेच एक बारीक सापळा आहे. पुनर्रचनेच्या वेळी थकलेल्या व्याजाचं नवं टर्म लोन केलं असेल, तर बँक त्यालाही मुद्दलच म्हणते. आयकराच्या लेखी व्याजाचं कर्जात रूपांतर म्हणजे भरणा नव्हे. ती रक्कम शोधून व्याजाच्या बाजूला न्या.

कर्ज सौहार्द पतसंस्थेचं असेल तर गणित उलटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात असे कर्जदार पुष्कळ, आणि चूकही इथेच जास्त होते. सौहार्द पतसंस्था ही सहकारी बँक नव्हे, त्यामुळे तिच्या व्याजाला 43बी लागत नाही. मर्केंटाइल पद्धतीत न भरलेलं व्याजही त्या-त्या वर्षी वजा मिळालेलं असतं. म्हणून वरच्याच आकड्यांत 4.5 लाख व्याज 41(1) खाली करपात्र होतं, 3सीडीच्या कलम 25 मध्ये येतं, आणि करपात्र रक्कम 2 वरून 6.5 लाखांवर जाते. बँकेच्या सवयीनं ते वजा घेतलं तर पुढे नोटीस ठरलेली.

दुसरा फरक टीडीएसचा. लाभावर 10 टक्के कापायचं कलम 194आर 1 जुलै 2022 पासून आहे. 13 सप्टेंबर 2022 च्या 18 क्रमांकाच्या परिपत्रकानं शेड्यूल्ड बँका, सहकारी बँका, ठरावीक वित्त कंपन्या यांनी केलेल्या तडजोडीला त्यातून वगळलं. घेणाऱ्याच्या हातात कर लागतो की नाही याला ते परिपत्रक हात लावत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. सौहार्द पतसंस्था त्या यादीत नाही. सूट वर्षात 20,000 रुपयांच्या वर असेल तर संस्था नो-ड्यूज देण्याआधी कर भरल्याचं चलन मागू शकते, आणि ती नोंद 26एएस या आयकर खात्याच्या करजमा उताऱ्यात उमटते. विवरणपत्र भरण्यापूर्वी 26एएस पाहा. तिथे 13 लाख आणि तुमच्या कॉम्प्युटेशनमध्ये 6.5 लाख असतील, तर फरकाचा तक्ता तयार हवा.

वर्ष कोणतं धरायचं? पत्रात बहुधा अट असते: एवढे आधी, बाकी अमुक तारखेपर्यंत, हप्ता चुकला तर सवलत रद्द. अशा वेळी पत्राच्या तारखेला काही सुटलेलं नसतं. शेवटचा हप्ता भरला जातो त्या वर्षी सूट पक्की होते. मार्चमध्ये पत्र आणि जूनमध्ये शेवटचा भरणा असेल, तर 31 मार्चच्या ताळेबंदात कर्ज पूर्णच दिसू द्या. उत्साहानं आधीच वह्यांत माफ लिहिलं, तर 41(1) चं पहिलं स्पष्टीकरण आडवं येतं: व्याजासारखं वजा घेतलेलं देणं कर्जदारानं एकतर्फी काढून टाकलं तरी तेही ‘सुटलं’ असंच मोजलं जातं. मग हप्ता चुकून तडजोड मोडली, तरी कर आधीच बसलेला असतो.

इथले सगळे कलम-क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. त्या तारखेनंतरच्या तडजोडीत नोंदी करताना नवे क्रमांक पाहून लिहा.